हुडीचा शर्ट करताना: चेहरा आणि हात न बिघडवता पोर्ट्रेटमधले कपडे बदलणं

इनपेंटिंग म्हणजे फोटोचा मास्कने दाखवलेला भाग एआय मॉडेलकडून नव्याने काढून घेणं. त्याने फोटोतले कपडे बदलायला पहिल्यांदा बसलेला माणूस सगळी काळजी चेहऱ्याची करतो. चेहरा मात्र सहसा बिघडत नाही. तो कपड्यांपासून वेगळा असतो, मास्कमध्ये घेतला नाही की त्याला कुणी हात लावत नाही. बिघडतो तो हात. हात कपड्याला टेकलेला असतो, बाही मनगटाशी संपते, बोटांच्या फटींतून जुना कपडा डोकावत असतो. म्हणून या लेखात मी एकच फोटो घेतलाय आणि त्यातही सर्वांत जास्त वेळ हातापाशी घालवलाय.

फोटो एका मित्राचा. कमरेपर्यंतचा, २४०० बाय ३००० पिक्सेल, मागे साधी भिंत, डावीकडून खिडकीचा उजेड. अंगात गडद निळी हुडी आणि उजव्या हाताने डावा दंड धरलेला. त्याला हाच फोटो फिकट क्रीम रंगाच्या, कॉलर असलेल्या पूर्ण बाह्यांच्या शर्टात हवा होता. फोटो त्याचा, मागणीही त्याचीच. दुसऱ्या कुणाचा फोटो घेऊन बसणार असाल तर आधी त्या माणसाला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर विषय संपला.

मी स्टेबल डिफ्यूजन हे चित्र बनवणारं एआय मॉडेल AUTOMATIC1111 या वेब इंटरफेसमध्ये वापरतो, त्यामुळे खाली येणारी बटणांची नावं तिथली आहेत. मॉडेल `sd-v1-5-inpainting`. हे मॉडेल जुनं आहे, पण शिकायला चांगलं. साध्या मॉडेलला फक्त नॉईझ मिसळलेलं चित्र मिळतं. या मॉडेलला त्यासोबत मास्क आणि मास्कची जागा रिकामी केलेला मूळ फोटोही वेगळा दिला जातो. त्यामुळे मास्कच्या कडेला बोटं आहेत, वर हनुवटी आहे, हे त्याला कळतं. साध्या मॉडेलवर तेच काम केलं तर छातीवर तिसरा हात उगवण्याची शक्यता बरीच वाढते.

आधी कपडा निवडा

नवा कपडा जुन्यापेक्षा जास्त झाकणारा असेल तर काम सोपं, कमी झाकणारा असेल तर अवघड. पूर्ण बाहीची अर्धी बाही करायची म्हणजे मॉडेलला अख्खा हात मनाने काढायला लावणं. मग त्वचेचा रंग, केस, कोपराची घडी यातलं काहीच खरं नसतं, आणि ओळखीचा माणूस ते एका नजरेत पकडतो. आमच्या फोटोत बाही मनगटापर्यंत होती आणि नवीही तिथेच संपणार होती, हे नशीब. गळ्याचं तसंच. हुडीचा गळा जिथे होता तिथेच किंवा किंचित वर शर्टाची कॉलर आली तर नवी त्वचा काढावी लागत नाही. म्हणून मित्राला वरची दोन बटणं उघडी हवी होती तरी मी एकाच बटणावर त्याला राजी केलं.

याचा आणखी एक फायदा आहे. मास्कची सीमा जर सपाट त्वचेवरून गेली तर तिथे रंगाचा फरक उठून दिसतो. तीच सीमा कॉलरच्या किंवा कफच्या कडेवर पडली तर फरक दिसला तरी तो कडेचाच भाग वाटतो. शिवणकाम करणारे टाका शिवणीत लपवतात, तसंच हे.

मास्क

वेब पानावरच्या ब्रशने मास्क रंगवू नका. गिंप या फोटो संपादनाच्या प्रोग्राममध्ये मूळ फोटोएवढ्याच आकाराची वेगळी काळी-पांढरी प्रतिमा बनवा आणि `Inpaint upload` या टॅबमध्ये द्या. पांढरं म्हणजे बदलायचं, काळं म्हणजे जपायचं. कारण हाच मास्क तुम्हाला पाच-सहा वेळा लागणार आहे आणि दर वेळी हाताने रंगवलेला मास्क वेगळा येतो.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पूर्ण हुडीची निवड केली, टोपी धरून. मग `Select → Grow` ने ती १५ पिक्सेलने फुगवली, कारण जुन्या कपड्याची कड थोडीशी जरी बाहेर राहिली तरी नव्या शर्टाभोवती निळी किनार दिसते. शिवाय मास्क अगदी हुडीच्या आकाराचा ठेवला तर शर्टही हुडीसारखाच फुगीर येतो. मॉडेल दिलेली जागा भरून काढतं. त्याला थोडी भिंत मोकळी मिळाली तर ते शर्ट अंगाला धरून काढून उरलेल्या जागी भिंत भरू शकतं.

हे फुगवणं झाल्यावरच चेहरा, मान आणि उजवा हात त्या निवडीतून वजा केले. उलट केलं असतं, म्हणजे आधी हात वजा करून मग फुगवलं असतं, तर मास्क बोटांवर १५ पिक्सेल चढला असता आणि बोटं बारीक होऊन गेली असती. नवख्यांच्या बिघडलेल्या हातांमागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

मात्र हात वजा करताना अगदी त्वचेच्या कडेवर थांबू नका. फोटोत कुठलीच कड एका पिक्सेलात संपत नाही. बोटाच्या कडेचे एक-दोन पिक्सेल अर्धे त्वचेचे आणि अर्धे निळ्या कापडाचे असतात. गडद हुडीवर ते दिसत नाहीत, फिकट शर्टावर मात्र बोटांना पेनने रेघ मारल्यासारखं दिसतं. म्हणून हाताशी मास्क दोन पिक्सेल आत, त्वचेवर घ्यायचा. आणि `Mask blur` ४ च ठेवायचं. ते २० वर नेलं तर सीमा मऊ होते खरी, पण ती मऊ सीमा बोटांच्या आत घुसते आणि नखं पुसट होतात.

केसांबद्दल थोडक्यात: खांद्यावर दाट केस असतील तर ते मास्कबाहेर, सुटे उडणारे केस मास्कच्या आत. प्रत्येक केस वाचवायला जाल तर मास्क कधी पूर्णच होणार नाही.

रंग आधी स्वतः भरा

पहिल्या प्रयत्नात मी थेट प्रॉम्प्ट लिहून चालवलं. `Masked content` ला `original`, आणि मूळ चित्र किती बदलू द्यायचं ते ठरवणारं `Denoising strength` ०.६. आलं काय, तर राखाडी-निळा शर्ट. क्रीम कितीही वेळा लिहा, फरक नाही. कारण सरळ आहे: ०.६ वर मूळ चित्राचा ठसा, विशेषतः त्याचा मोठा गडद-फिकट आराखडा, बराच शिल्लक राहतो. गडद निळ्यातून फिकट क्रीमकडे जायला तेवढी मोकळीक पुरत नाही. डिनॉईझिंग १ केलं तर रंग येतो, पण मग हात आणि शर्टाचं नातं तुटतं. दंडावर पकड असलेल्या जागी कापडाला चुण्या असायला हव्यात, तिथे इस्त्री केल्यासारखं सपाट कापड येतं.

यातून वाट एकच. फोटो गिंपमध्ये उघडा, मास्कच्या आतल्या भागावर वेगळ्या लेयरवर क्रीम रंग फासा. कला दाखवायची गरज नाही. मी तीनच छटा वापरल्या: खिडकीच्या बाजूला फिकट, उजवीकडे थोडी गडद, आणि पुढ्यातून गेलेल्या हाताखाली सर्वांत गडद. कॉलरच्या दोन त्रिकोणी पट्ट्या जाड ब्रशने. टोपीच्या जागी भिंतीचा रंग. लेयरची अपारदर्शकता (`Opacity`) ८५ टक्के ठेवली, म्हणजे खालच्या चुण्या पुसट दिसत राहिल्या. पोरासोरांनी रंगवल्यासारखं दिसतं, पण मॉडेलला तेवढं पुरतं. आता तो फासलेला रंगच मूळ झाला, आणि ०.६५ वर क्रीम शर्ट पहिल्या फटक्यात आला.

पोझ बांधून ठेवणं

इथे कंट्रोलनेट लागतं. ते मूळ फोटोतून रचना काढून घेतं आणि मॉडेलला ती धरून चित्र काढायला लावतं. नवखे लोक दोन प्रकारांत गोंधळतात, म्हणून फरक नीट सांगतो. ओपनपोझ फोटोतून माणसाचा फक्त सांगाडा काढतं: खांदा इथे, कोपर इथे, मनगट इथे. कपड्याचा आकार त्याला माहीतच नसतो. डेप्थ याच्या उलट, ते प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती जवळ-लांब आहे त्याचा नकाशा बनवतं. त्यात हात छातीच्या पुढे आहे हे येतं, दंडावरच्या चुण्यांचा उठाव येतो, आणि हुडीची टोपीसुद्धा येते.

मी आधी फक्त डेप्थ लावलं, वजन १. हात छान राहिला, पण मानेमागे टोपीचा फुगवटा तसाच होता. मॉडेलने त्याचा मफलर करून टाकला. मग दोन्ही लावले. ओपनपोझ वजन १, शेवटपर्यंत. डेप्थ `Control Weight` ०.५ आणि `Ending Control Step` ०.४, म्हणजे पहिल्या चाळीस टक्के पायऱ्यांपुरतंच. मोठा आकार सुरुवातीच्या पायऱ्यांत ठरतो, त्या वेळी डेप्थ हाताची जागा धरून ठेवतं, आणि नंतर बाजूला झाल्यावर कॉलर, बटणपट्टी यांना मोकळीक मिळते. टोपी गेली.

ओपनपोझचा सांगाडा चालवण्याआधी प्रीव्ह्यूमध्ये बघाच. हात छातीवरून गेलेला असला की कधी कोपर चुकीच्या जागी पडतं. चुकीचा सांगाडा देण्यापेक्षा तो न दिलेला बरा.

बाकीची मांडणी अशी: `Inpaint area` ला `Only masked`, `Only masked padding` १५०, आकार ७६८ बाय ७६८, पायऱ्या ३०, `CFG Scale` ६. मॉडेल ५१२ वर शिकलेलं आहे, पण कंट्रोलनेट सोबत असताना ७६८ वर ते भरकटत नाही. `Whole picture` निवडलं तर सगळा फोटोच ७६८ वर आणला जातो आणि चेहऱ्याचा बारकावा जातो. `Only masked` मध्ये फक्त मास्कभोवतीचा तुकडा कापून घेतला जातो, बदलला जातो आणि मूळ आकारात परत चिकटवला जातो. पॅडिंग मात्र तोकडं ठेवू नका. मूळ आकडा ३२ असतो. तेवढ्यावर मॉडेलला डोकं दिसत नाही, आणि डोकं नसलेलं धड बघून ते कधीकधी शर्टावरच छोटासा चेहरा काढून मोकळं होतं.

प्रॉम्प्टमध्ये माणसाचं वर्णन नको, फक्त कपड्याचं आणि उजेडाचं:

```
cream cotton shirt, collar, buttoned front, long sleeves with cuffs, natural wrinkles, soft window light from left, photo
```

निगेटिव्हमध्ये जुन्या कपड्याच्या खुणा आणि नको असलेले हात:

```
hood, drawstring, zipper, scarf, extra arm, extra fingers
```

एका वेळी चार-सहा चित्रं काढा आणि निवडताना कॉलर बघू नका, मनगट बघा. कफ मनगटाभोवती गोल फिरून हाताखाली गेलेला दिसला पाहिजे. कफ मनगटाशी सरळ रेषेत कापल्यासारखा असेल तर तो हात नंतर कितीही सजवला तरी चिकटवलेलाच दिसतो. कॉलर दुरुस्त करता येते.

हातापाशी दुसरी फेरी

पहिल्या फेरीनंतर लांबून सगळं छान दिसतं. जवळ गेलं की बोटांच्या फटींत निळसर-राखाडी चिखल असतो. तो सेटिंगचा दोष नाही, हिशेबाचा आहे.

स्टेबल डिफ्यूजन चित्रावर थेट काम करत नाही, चित्राच्या आठपट आक्रसलेल्या आतल्या रूपावर, म्हणजे लेटंटवर करतं. म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलचा चौकोन त्याच्यासाठी एक घर. आमच्या फोटोत मास्क साधारण १८०० पिक्सेल रुंद, दोन्ही बाजूंचं पॅडिंग धरून २१००. तो तुकडा ७६८ वर आला. मधल्या दोन बोटांतली फट मूळ फोटोत २० पिक्सेल होती, ती इथे ७ झाली. एका घराएवढीही नाही! त्या घरात अर्धं बोट, अर्धं कापड. मॉडेलने तिथे काय काढावं?

उपाय म्हणजे जवळ जाणं. फक्त हाताभोवतीचा नवा मास्क बनवा: बोटांच्या फटी आणि हाताभोवतीची ४०-५० पिक्सेलची कापडाची पट्टी. पॅडिंग असं ठेवा की कापलेला तुकडा साधारण ४८० पिक्सेलचा राहील. आता तोच तुकडा ७६८ पर्यंत मोठा होतो, आणि २० पिक्सेलची फट ३२ होते, म्हणजे चार घरं. आता मॉडेलला तिथे कापड काढता येतं.

चालवण्याआधी फटींत पुन्हा हाताने रंग भरायचा. क्रीमच, पण बराच गडद, कारण बोटांच्या मध्ये सावली असते. अगदी फिकट भरला तर फटी उजळून बोटं हवेत तरंगतात. डिनॉईझिंग ०.४५, प्रॉम्प्ट फक्त `cream cotton fabric, wrinkles, soft shadow`. ओपनपोझ बंद, कारण एवढ्या तुकड्यात सांगाडा सापडत नाही. डेप्थ ०.६ चालू ठेवलं, त्यामुळे दाबलेल्या कापडाच्या चुण्या बोटांच्या टोकांपासून सुरू झाल्या.

हाताखालची सावली मॉडेल बऱ्याचदा विसरतं. चार वेळा चालवून ती आली नाही तर हट्ट धरू नका. गिंपमध्ये `Multiply` लेयरवर मऊ ब्रशने खिडकीच्या विरुद्ध बाजूला, हाताला चिकटून एक बारीक गडद पट्टा काढा, आणि हातापासून लांब जाताना तो विरळ करा. एवढ्याने हात दंडावर टेकतो. मी यावर पाच मिनिटं घालवली आणि पूर्ण कामात सर्वांत जास्त फरक त्यांनीच पडला.

कापड चेहऱ्याशी जुळत नाही

आता एक वेगळीच अडचण दिसते. ७६८ चा तुकडा ताणून २१०० चा केलाय, त्यामुळे शर्ट मऊसर आणि चेहरा धारदार. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांनी काढल्यासारखं. यावर शर्टाचे तुकडे पाडून पुन्हा जायचं: कॉलर आणि वरची बटणं एक, डावी बाही दुसरा, उजवी बाही कफसकट तिसरा. प्रत्येक तुकडा सुमारे ७०० पिक्सेलचा, डिनॉईझिंग ०.३ च्या वर नाही. ०.३ वर विणीचा पोत येतो, आकार हलत नाही. ०.५ वर गेलात तर प्रत्येक तुकड्यात नवं बटण येईल. त्याच जागेवर तीन-चारपेक्षा जास्त फेऱ्या मारू नका, दर वेळी चित्र लेटंटमध्ये जाऊन परत येतं आणि पोत थोडाथोडा मेणचट होतो. मधल्या सगळ्या प्रती पीएनजीत ठेवा.

तरी मूळ फोटोतला बारीक दाणा शर्टावर नसतोच. गिंपमधल्या `RGB Noise` ने फक्त शर्टावर अगदी हलका दाणा टाकला. चेहऱ्याचा गाल आणि शर्टाचा खांदा शेजारी शंभर टक्क्यांवर बघत प्रमाण ठरवायचं.

हनुवटीखालीही एकदा बघा. कपडा उजेड परतवतो. गडद हुडीमुळे हनुवटीची खालची बाजू काळोखी होती, फिकट शर्ट असता तर ती थोडी उजळली असती. इथे मॉडेल वापरण्याचा मोह होतो, पण तो चेहऱ्याचा भाग आहे. मी फक्त मानेची वरची बाजू आणि हनुवटीखालची सावली निवडून, निवड भरपूर मऊ करून, `Curves` ने जरा उजळली. लाल कपड्याच्या जागी पांढरा आणत असाल तर तिथे लालसर झाक राहते, ती कमी करा.

तपासणी

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, दोन तास तोच फोटो बघितल्यावर ते काहीही मान्य करतात. शेवटचं चित्र गिंपमध्ये उघडा, त्यावर मूळ फोटो लेयर म्हणून ठेवा आणि लेयरचा मोड `Difference` करा. जिथे काहीच बदललं नाही तिथे पूर्ण काळं दिसतं. चेहरा आणि हाताचा पंजा काळा हवा, शर्ट उजळ. काळ्यात किंचित राखाडी सापडावा म्हणून `New from Visible` ने तात्पुरता लेयर बनवा, त्यावर `Levels` ओढून बघा आणि मग तो लेयर काढून टाका. हनुवटीखाली मी स्वतः केलेला बदल दिसेल, तो चालतो.

चेहऱ्यावर सगळीकडे पुसटसा राखाडी थर दिसला तर समजा की पूर्ण चित्र लेटंटमधून फिरून आलंय. स्टेबल डिफ्यूजन चालवणाऱ्या कॉम्फीयूआय या दुसऱ्या प्रोग्राममध्ये हे हमखास होतं, कारण तिथे मूळ पिक्सेल परत चिकटवण्याची पायरी आपणच जोडायची असते. `ImageCompositeMasked` हा नोड त्यासाठी. तो नसेल तर मास्क कितीही नीट असला तरी पापण्या आणि दात किंचित बदलतात. माणूस तोच वाटतो, पण त्याच्या घरचे म्हणतात की काहीतरी वेगळं आहे.

आमच्या फोटोत पंजा काळा आला, फक्त करंगळीच्या कडेला एक उजळ रेघ होती. मास्क तिथे दोनऐवजी सहा पिक्सेल आत गेला होता आणि करंगळी चार पिक्सेल बारीक झाली होती. मूळ फोटोच्या लेयरचा मोड परत `Normal` केला, त्याला काळा लेयर मास्क लावला, करंगळीपुरता पांढऱ्या बारीक ब्रशने रंगवला, मूळ कड परत आली. सोबत निळी किनारही थोडी आली. ती `Clone` ने शेजारच्या त्वचेचे दोन पिक्सेल घेऊन झाकली आणि फोटो मित्राला पाठवला. त्याने उलट विचारलं, "दुसरं बटण उघडं का नाही?"